सर, तुम्ही कडक आहात, पण…

समजा, तुम्ही पेणच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून बाहेर पडलात आणि वर्षभराच्या अप्रेंटिसशिपला खाडीकाठच्या एखाद्या कंपनीत लागलात. उरणपासून थळपर्यंत आणि इकडे डोलवी-नागोठण्यापर्यंत या पट्ट्यात कंपन्या कमी नाहीत, त्यामुळे हे समजायला फार कल्पनाशक्ती लागणार नाही. तुमचे शिफ्ट इन्चार्ज पन्नाशीचे आहेत. हेल्मेटचा पट्टा सैल दिसला तरी गेटवरून परत पाठवणारे. उद्या त्यांचा वाढदिवस आहे आणि ग्रुपवर सगळे शुभेच्छा टाकणार आहेत. तुम्हालाही टाकायच्या आहेत, आणि मनापासून टाकायच्या आहेत, कारण या माणसाने तुम्हाला खरंच काहीतरी शिकवलंय. मग तुम्ही टाइप करता:

'हॅपी बर्थडे सर!!! वाढदिवसाच्या हार्दीक शुभेच्या. तुम्ही खूप कडक आहात, सगळे तुम्हाला घाबरतात, पण मनाने खूप चांगले आहात हे मला माहीत आहे. आपण असेच ओरडत राहा आणि शिकवत राहा. देव तुला उदंड आयुष्य देवो. तुमच्यासारखे सर सर्वांना मिळो. पार्टी कधी?'

खाली डोळा मारणारा चेहरा आणि तीन केक.

हा मेसेज वाईट मनाने लिहिलेला नाही. उलट त्यात प्रेम उतू जातंय. तरीही तो सरांच्या हातात पडला, तर त्यांच्या कपाळावर आठी येईल, आणि ती का आली हे बहुधा त्यांनाही नीट सांगता येणार नाही. म्हणून आपणच एकेक ओळ उलगडून बघू. माझं मत आधीच सांगून टाकते: अशा मेसेजमध्ये आदर येतो तो व्याकरणातून आणि ऊब येते ती एखाद्या खऱ्या घटनेतून. विशेषणांनी यातलं एकही काम होत नाही.

सगळ्यात आधी डोळ्यांत खुपतो तो 'तू'. एकाच मेसेजात 'तुम्ही' आहे, 'आपण' आहे आणि 'देव तुला' पण आहे. हा 'तुला' कुठून आला हे उघड आहे. तयार ओळ कुठल्यातरी स्टिकरवरून उचलली आणि तशीच चिकटवली. आता, 'तू' हा मुळात अनादराचा शब्द नाही. आईला आपण 'तू'च म्हणतो. आपल्याकडे अनेक आगरी-कोळी घरांत तर वडीलधाऱ्यांनाही सहज 'तू' म्हटलं जातं आणि त्यात कुणाचा मान जात नाही. पण तो 'तू' पहिल्यापासून शेवटपर्यंत 'तू'च असतो. चार ओळींत तीन वेळा संबोधन बदललं की वाचणाऱ्याला वाटतं, या मुलीने मला लिहिलेलं नाही, इथून तिथून जमवलेलं आहे. आणि त्याचं ते वाटणं बरोबर असतं.

मग ठेवायचं काय, 'तुम्ही' की 'आपण'? इथे बहुतेक जण 'आपण' निवडतात, कारण ते जास्त अदबीचं वाटतं. मी 'तुम्ही'च्या बाजूने आहे. पहिलं कारण साधं आहे: प्लांटवर तुम्ही सरांशी बोलताना 'तुम्ही' म्हणता. 'सर, तुम्ही सही करता का?' असं रोज विचारणारी मुलगी वाढदिवसाला अचानक 'आपण' वर गेली, की ती कुणाचं तरी भाषण वाचून दाखवतेय असं वाटतं. दुसरं कारण मराठीच्या घडणीतलं आहे. 'आपण'चे दोन अर्थ होतात. एक आदराचा, म्हणजे समोरचा माणूस. दुसरा 'तुम्ही आणि मी मिळून'. 'आपण थोर आहात' आणि 'आपण उद्या जाणार आहोत' यांत क्रियापदामुळे फरक कळतो. पण भूतकाळात क्रियापद बऱ्याचदा मदतीला येत नाही. 'त्या दिवशी आपण लॉगशीट तपासली' – कुणी तपासली? सरांनी, की दोघांनी मिळून? सरांच्या कामाचं श्रेय अर्धं स्वतःकडे घ्यायचा तुमचा इरादा नसतो, पण वाक्य तसं वाचता येतं. ज्या ऑफिसात बोलतानाही सगळे 'आपण'च म्हणतात तिथे जरूर 'आपण' लिहा, पण मग शेवटपर्यंत तेच ठेवा.

पुढची अडचण 'असेच ओरडत राहा' मध्ये आहे. विनोद म्हणून लिहिलेलं आहे, हे मान्य. पण 'राहा' हे आज्ञार्थी रूप आहे. मित्राला 'असाच हसत राहा' म्हणता येतं. वरिष्ठांना 'असेच शिकवत राहा' म्हटलं की त्यात कळत-नकळत परवानगी दिल्याचा सूर येतो – चालू द्या तुमचं, माझी हरकत नाही. मराठीत यासाठी फार सोयीचं दुसरं रूप आहे: 'लाभो', 'मिळो', 'राहो'. यात कुणी कुणाला सांगत नाही, फक्त इच्छा व्यक्त होते. 'निरोगी राहा' ऐवजी 'तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो'. एवढा एक बदल केला तरी सूर खाली येतो. फक्त वचन सांभाळा. 'तुमच्यासारखे सर सर्वांना मिळो' नाही, 'मिळोत'. आणि 'हार्दिक' मधला 'दि' ऱ्हस्व, 'शुभेच्छा' मध्ये 'च्छा'. 'शुभेच्या' लिहिलं तर लॉगशीटवर एक दशांश चिन्ह चुकलं तरी लाल गोल करणारा माणूस तिथे मनातल्या मनात लाल गोल करेल.

'देव उदंड आयुष्य देवो' ही ओळ आजकाल सगळेच सगळ्यांना लिहितात आणि कुणी रागावत नाही. तरी एक गोष्ट माहीत असावी. मराठी पत्रव्यवहारात आशीर्वाद नेहमी वरून खाली वाहत आला आहे. मराठेशाहीतली पत्रं पाहिलीत तर पहिल्या ओळीतच कोण कुणाला लिहितंय हे कळतं. धाकट्याने थोरल्याला लिहिताना 'विनंती सेवक' अशी सुरुवात होऊन 'कृतानेक विज्ञापना' येते. बरोबरीच्यांत कुठे 'रामराम', कुठे 'नमस्कार'. शाळेत मराठीच्या पेपरात पत्रलेखन आलं असेल तर आठवेल: वडिलांना 'तीर्थरूप' आणि 'शिरसाष्टांग नमस्कार', तर धाकट्या भावाला 'चि.' आणि 'अनेक उत्तम आशीर्वाद'. त्या मायन्यांचा आता व्हॉट्सअ‍ॅपवर काही उपयोग नाही, आणि सरांना 'कृ. सा. न. वि. वि.' लिहिलंत तर ते तुमची तब्येत विचारतील. पण त्यामागची जाण अजून शिल्लक आहे. म्हणून वयाने धाकट्याने मोठ्याला आशीर्वाद द्यायच्या सुरात लिहिलं की थोडं विचित्र लागतं. उपाय सोपा आहे. वाक्याच्या शेवटी 'ही प्रार्थना' किंवा 'ही सदिच्छा' जोडा. मग आशीर्वाद देणाऱ्या तुम्ही राहत नाही, मागणाऱ्या होता.

आता मुख्य वाक्याकडे येऊ: 'तुम्ही खूप कडक आहात, सगळे तुम्हाला घाबरतात, पण मनाने खूप चांगले आहात.'

हे वाक्य मराठी शुभेच्छांमध्ये इतक्या वेळा येतं की ते आपल्याला कौतुकाचंच वाटतं. नारळ, फणस या उपमाही ठरलेल्या. बाहेरून काटेरी, आत गोड. (फणस वरिष्ठांना पाठवू नका. कोकणात तर नाहीच.) या वाक्यात गडबड अशी आहे की 'पण' च्या आधी आरोप आहे आणि 'पण' च्या नंतर माफी आहे. वीस वर्षांच्या मुलीने तीस वर्षं प्लांट चालवणाऱ्या माणसाला सांगितलं की तुमच्यात एक दोष आहे, तो मी पोटात घातला आहे. शिवाय 'सगळे घाबरतात' ही बातमी. वाढदिवसाच्या सकाळी कुणाला ही बातमी हवी असते? आणि मनाने चांगले असल्याचं प्रमाणपत्रही तुम्हीच दिलंत. नवशिक्याने केलेली स्तुती बऱ्याचदा अशीच गुणपत्रिका होऊन बसते. 'तुम्ही खूप छान शिकवता' यातही वर बसून मार्क दिल्यासारखं काहीतरी आहे.

यातून सुटायचा मार्ग म्हणजे वाक्याचा कर्ता बदलायचा. सर कसे आहेत हे सांगायचंच नाही. त्यांच्यामुळे तुमचं काय झालं ते सांगायचं. 'तुम्ही छान शिकवता' हा त्यांच्याबद्दलचा निकाल झाला. 'मला तेव्हापासून अमुक कळायला लागलं' ही तुमच्याबद्दलची माहिती झाली. ती द्यायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि ती खोटी आहे असं कुणी म्हणू शकत नाही.

पण त्यासाठी 'अमुक' म्हणजे नेमकं काय ते आठवावं लागतं. इथे बहुतेक मेसेज अडकतात, कारण 'मार्गदर्शन', 'पाठिंबा', 'प्रेरणा' हे शब्द हाताशी तयार असतात आणि आठवायला वेळ लागतो. तर आठवा. सरांचा कडकपणा तुमच्या वाट्याला कधी आला?

समजा, तो लॉगशीटवर आला. कूलिंग वॉटर पंपाचं दर तासाचं रीडिंग तुमच्याकडे होतं. तुम्ही दहाच्या रकान्यात 'नॉर्मल' लिहिलंत, अकराच्या रकान्यात 'नॉर्मल', बाराच्या रकान्यात खाली दोन टिंबं. सरांनी कागद बघितला, तिन्ही खोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, 'नॉर्मल म्हणजे किती? आकडा लिहा.' त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं असेल. पण ते चिडले कशावर होते बघा. पंपाचं डिस्चार्ज प्रेशर 4.2 आहे, मग 4.1, मग 4.0, मग 3.8. यातला प्रत्येक आकडा एकटा बघितला तर चालण्यासारखा आहे, म्हणून 'नॉर्मल' लिहिणं खोटं नाही. पण चार आकडे एकाखाली एक दिसले तरच कळतं की प्रेशर उतरतंय, म्हणजे कदाचित सक्शनच्या जाळीत कचरा अडकत चाललाय. चार वेळा 'नॉर्मल' लिहिलेला कागद पुढच्या शिफ्टच्या हातात गेला, तर त्यांना काहीच दिसणार नाही आणि पंप रात्री दोन वाजता त्रास देईल. त्या शिफ्टमध्ये कदाचित तुमचीच मैत्रीण असेल.

म्हणजे 'कडक' या शब्दाच्या आत ही एवढी गोष्ट दडलेली होती. आता 'कडक' शब्दाची गरजच उरली नाही. आणि गंमत म्हणजे सरांनी लॉगशीटबद्दल जे सांगितलं तेच या मेसेजलाही लागू पडतं. 'आपलं अमूल्य मार्गदर्शन' हे शुभेच्छांमधलं 'नॉर्मल' आहे. खोटं नाही, पण त्यातून काही दिसत नाही.

मधल्या एका खड्ड्याबद्दल बोलायला हवं. पहिला मेसेज फार मोकळा झाला हे लक्षात आलं की लगेच गाडी उलट्या टोकाला जाते:

'आदरणीय, कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, आम्हां सर्वांचे प्रेरणास्थान सरांना वाढदिवसानिमित्त अभिष्टचिंतन! आपले व्यक्तिमत्त्व म्हणजे ज्ञानाचा अथांग सागर. आपला आशीर्वाद सदैव आमच्या पाठीशी राहो.'

हे तर नाक्यावरच्या फ्लेक्सवर शोभेल. खाली फक्त शुभेच्छुकांचे गॉगल घातलेले चार फोटो हवेत. शब्द 'अभीष्टचिंतन' आहे, 'भी' दीर्घ, आणि तो चुकीचा लिहायची वेळ येत असेल तर न वापरलेला बरा. 'शुभेच्छा' पुरेसं आहे. पण शुद्धलेखन बाजूला ठेवलं तरी हा मेसेज पहिल्यापेक्षा वाईट आहे असं मला वाटतं. पहिल्यात निदान एक मुलगी दिसत होती. यात कुणीच दिसत नाही. नाव बदलून तो उद्या सरपंचांना पाठवता येईल, परवा प्राचार्यांना. आणि आयुष्यभर ज्याने लोकांच्या कामातल्या फुगवलेल्या गोष्टी पकडल्या, त्या माणसाला फुगवलेली स्तुती सगळ्यात आधी कळते. त्याला पहिली शंका येते ती अशी: या मुलीला काय हवंय? अप्रेंटिसशिप संपायला दोन महिने राहिले असतील तर शंका आणखीच पक्की.

तर या सगळ्यातून उरतं ते असं:

'नमस्कार सर,
वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!
ऑगस्टमध्ये तुम्ही माझ्या लॉगशीटवरचा "नॉर्मल" खोडून आकडा लिहायला लावला होता. तेव्हापासून गेज बघितल्याशिवाय मी पेन उघडत नाही. मागच्या आठवड्यात पंपाचं प्रेशर हळूहळू उतरतंय हे मला वेळेवर दिसलं, ते त्यामुळेच.
तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो, ही सदिच्छा.'

खाली तुमचं पूर्ण नाव, आणि 'अप्रेंटिस, सेकंड शिफ्ट'. त्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह असेलच असं धरून चालू नका.

यात एकही विशेषण सरांना लावलेलं नाही. 'कडक' नाही, 'प्रेमळ' नाही, 'आदरणीय' सुद्धा नाही. सगळा आदर 'नमस्कार सर', 'तुम्ही' आणि 'लाभो' या तीन ठिकाणी आहे, आणि तेवढा पुरतो. ते ओरडले होते हे लिहिलेलं नाही, पण दोघांनाही आठवतं. 'खोडून' या शब्दात ते सगळं आलं. 'आभारी आहे' हेही मुद्दाम लिहिलेलं नाही. शेवटचं 'ते त्यामुळेच' ते काम करतं. तुम्हाला वाटलं तर 'धन्यवाद सर' जोडा, बिघडणार नाही. पण 'मी तुमचे उपकार कधीच विसरणार नाही' पर्यंत जाऊ नका. एका पंपासाठी ते जास्त होतं.

'तुम्ही मला वडिलांसारखे आहात' हेही टाळलेलं बरं. लिहिताना ते सगळ्यात उबदार वाक्य वाटतं, पण त्याने समोरच्याची अडचण होते. उद्या याच सरांना तुमच्या कामाचा रिपोर्ट भरायचाय. नातं जोडायचं असेल तर ते जोडायचा मान मोठ्यांचा. ते 'बाळा' म्हणाले तर म्हणू द्या. मुलींनी आणि मुलांनीही, वरिष्ठांच्या वैयक्तिक नंबरवर लिहिताना बदाम आणि डोळा मारणारे चेहरे बाजूला ठेवावेत. मजकूर कामाचा असला की त्याचा भलता अर्थ निघत नाही. एखादा केक चालेल, तीन नकोत.

आता वेळ. रात्री बाराला शुभेच्छा पाठवण्यात कॉलेजात मजा असते. प्लांटवरच्या माणसाचा फोन रात्री बाराला वाजला की त्याच्या पोटात गोळा येतो, कारण त्या वेळी येणारा निरोप बहुतेक वेळा काहीतरी बंद पडल्याचा असतो. शिवाय त्यांची फर्स्ट शिफ्ट असेल तर सहाला हजर व्हायला ते पहाटे साडेचारला उठतात. शिफ्ट सुटल्यावर, दुपारी तीन-चारला पाठवा. आणि ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर बाकीच्यांबरोबर एक ओळीची शुभेच्छा जरूर द्या, नाहीतर ते न देणंही नजरेत येतं. पण लॉगशीटची गोष्ट फक्त त्यांना. चाळीस जणांसमोर ती लिहिली की ती शुभेच्छा राहत नाही, जाहिरात होते.

आणि पाठवण्यापूर्वी तारखेची खात्री करा. हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण पन्नाशीपुढच्या माणसाची नोटीस बोर्डावरची जन्मतारीख 1 जून असेल तर थांबा. पूर्वी गावोगावी मुलाला शाळेत घालताना जन्माची नोंद हाताशी नसली की गुरुजी जूनमध्ये शाळेच्या वर्षाला जुळेल अशी 1 जून ही तारीख लिहून टाकत. आजही महाराष्ट्रात अनेक ज्येष्ठांचा कागदावरचा वाढदिवस 1 जूनला येतो आणि घरचा वाढदिवस वेगळ्याच दिवशी, कधीकधी तिथीने. सेक्शनमधल्या एखाद्या जुन्या ऑपरेटरला विचारलं की खरं कळतं. सर स्वतःच 1 जूनला शुभेच्छा घेत असतील तर प्रश्नच नाही.

एक प्रश्न मात्र राहतो, आणि तो टाळणं बरोबर नाही. सर कडक नसतील, नुसते अपमान करणारे असतील तर? फरक ओळखता येतो. कडक माणूस कागदावरचा शब्द खोडतो. दुसरा माणूस कागद बाजूला ठेवून तुमच्या कॉलेजवर, गावावर, बोलण्याच्या ढंगावर घसरतो. त्याचा तुम्हाला कितीही आठवून एक प्रसंग सापडणार नाही ज्यातून काही हाती लागलं. मग खोटा प्रसंग रचू नका. 'नमस्कार सर, वाढदिवसाच्या शुभेच्छा' एवढी ओळ ग्रुपवर पुरे. ती पूर्ण सभ्य आहे, आणि तिच्यात तुम्हाला न वाटलेलं काही नाही. शुभेच्छांनी माणूस मऊ होईल या आशेवर मोठा मेसेज लिहिणं हा स्वतःवरचाच अन्याय आहे. तो माणूस मऊ होत नाही आणि तुम्हाला मात्र लिहिल्याची चिडचिड होते.

पहिल्या प्रकारच्या सरांकडून उत्तर काय येईल? बहुधा एक अंगठा. फार तर 'Thanks'. त्यावर 'वेलकम सर' आणि त्यावर पुन्हा हात जोडलेले, असं लांबवू नका. ते अंगठ्यावर थांबले, तुम्हीही थांबा. दुसऱ्या दिवशी शिफ्टला ते मेसेजबद्दल अवाक्षर काढणार नाहीत. जास्तीत जास्त तुमची लॉगशीट उचलतील, रकान्यावरून बोट फिरवतील आणि विचारतील, 'जाळी साफ केल्यावर किती झालं?' तेव्हा आकडा तयार ठेवा.